अभ्यासिकेचा वर्षअखेरचा हिशोब: आगाऊ मिळालेले शुल्क आणि येणे उत्पन्न कसे नोंदवावे

पुण्यातील सदाशिव पेठ आणि नारायण पेठ भागात स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांसाठी चालणाऱ्या अभ्यासिकांचे जवळजवळ सगळे शुल्क आधीच घेतले जाते. पास काढल्याशिवाय खुर्ची मिळत नाही. त्यामुळे 31 मार्चला शुल्क खात्यात जी रक्कम दिसते, तिच्यातला बराच भाग पुढील वर्षी द्यायच्या सेवेचा असतो. याउलट ठेवीवरचे व्याज आणि पोटभाड्याने दिलेल्या जागेचे भाडे या वर्षाचे असूनही अजून हातात आलेले नसते. उत्पन्नाच्या बाजूच्या दोन्ही समायोजन नोंदी एकाच व्यवसायात ठळकपणे दिसतात, म्हणून हे उदाहरण निवडले आहे. 31 मार्च 2025 रोजी संपणाऱ्या वर्षाचा हिशोब आपण टप्प्याटप्प्याने पूर्ण करू.

उदाहरणातील अभ्यासिका एका व्यक्तीच्या मालकीची आहे आणि तिचे हिशोब व्यापारी पद्धतीने ठेवले जातात, म्हणजे पैसे कधी आले यापेक्षा उत्पन्न कोणत्या काळातले आहे हे पाहून नोंद होते. जो व्यावसायिक रोख पद्धतीने हिशोब ठेवतो, त्याला या लेखातील नोंदी लागू होत नाहीत. मात्र एकदा एक पद्धत स्वीकारली की ती दरवर्षी तीच ठेवावी लागते, आणि एका वर्षी सोयीची वाटली म्हणून आगाऊ शुल्क वगळायचे आणि दुसऱ्या वर्षी वगळायचे नाही, असे करता येत नाही.

अभ्यासिकेत तीन प्रकारचे पास आहेत. 30 दिवसांचा पास 1,500 रुपयांना, 180 दिवसांचा 8,100 रुपयांना आणि 365 दिवसांचा 14,600 रुपयांना मिळतो. दिवसाचा दर काढला तर तो अनुक्रमे 50, 45 आणि 40 रुपये येतो. पुढचा सगळा हिशोब या तीन दरांवर चालतो, म्हणून ते आधीच कागदावर लिहून ठेवावेत. वर्षात शुल्काचा दर बदलला असेल, तर जुन्या दराने विकलेल्या पासांना जुनाच दर लावायचा असतो, हेही त्याच कागदावर टिपून ठेवावे.

पहिला टप्पा: 31 मार्चला चालू असलेल्या पासांची यादी

आगाऊ मिळालेल्या शुल्काचा आकडा बँकेच्या पासबुकातून कधीच निघत नाही. तो पासांच्या नोंदवहीतूनच काढावा लागतो, कारण पास कोणत्या तारखेला संपतो ही माहिती फक्त तिथेच असते. त्यामुळे 31 मार्चला ज्यांचा पास चालू आहे किंवा अजून सुरू व्हायचा आहे, अशा प्रत्येक विद्यार्थ्याची एक ओळ करावी आणि तीत पास क्रमांक, पासाचे एकूण दिवस, सुरू होण्याची तारीख आणि शेवटची तारीख लिहावी.

एक ओळ बारकाईने पाहू. एका विद्यार्थिनीने 1 नोव्हेंबर 2024 पासून 365 दिवसांचा पास घेतला. पहिला दिवस धरून मोजले तर पास 31 ऑक्टोबर 2025 रोजी संपतो. नोव्हेंबरचे 30, डिसेंबरचे 31, जानेवारीचे 31, फेब्रुवारीचे 28 आणि मार्चचे 31 असे 151 दिवस या वर्षात वापरले गेले आणि 214 दिवस शिल्लक राहिले. शिल्लक दिवसांचे 40 रुपयांप्रमाणे 8,560 रुपये होतात. तिने भरलेल्या 14,600 रुपयांपैकी 6,040 रुपये या वर्षाचे उत्पन्न ठरतात, आणि 8,560 रुपये हे अभ्यासिकेवरचे दायित्व ठरते, कारण तेवढ्या दिवसांची खुर्ची, दिवा, पंखा आणि वाय-फाय अभ्यासिकेने तिला अजून द्यायचे आहे.

10 फेब्रुवारी 2025 पासून सुरू झालेल्या 180 दिवसांच्या पासाचे 31 मार्चपर्यंत 50 दिवस होतात. उरलेल्या 130 दिवसांचे 45 रुपयांप्रमाणे 5,850 रुपये पुढील वर्षात जातात. 20 मार्चला काढलेल्या 30 दिवसांच्या पासाचे 18 दिवस, म्हणजे 900 रुपये शिल्लक राहतात. काही जण मासिक पास लहान रकमेचे म्हणून सोडून देतात. एखादाच पास असेल तर फरक पडत नाही, पण असे वीस-बावीस पास असले तर रक्कम दहा हजारांच्या पुढे जाते, म्हणून तेही मोजावेत.

ही यादी एक्सेलमध्ये केली तर प्रत्येक ओळीत दिवस हाताने मोजावे लागत नाहीत. C स्तंभात शेवटची तारीख आणि D स्तंभात पासाचे एकूण दिवस असतील, तर शिल्लक दिवसांसाठी पुढील सूत्र पुरते.

```
=MAX(0, MIN(D2, C2-DATE(2025,3,31)))
```

सूत्रातील `MIN` वगळू नये. मार्चमध्ये पैसे भरून 5 एप्रिलपासून पास सुरू करणारे विद्यार्थी असतात. त्यांच्या शेवटच्या तारखेतून 31 मार्च वजा केल्यास पासाच्या एकूण दिवसांपेक्षा जास्त दिवस शिल्लक दिसतात, आणि जेवढे शुल्क आलेच नाही तेवढे आगाऊ म्हणून नोंदले जाते.

अभ्यासिकांमध्ये आणखी एक अडचण हमखास येते, ती म्हणजे पास थांबवून ठेवणे. परीक्षेसाठी दुसऱ्या शहरात जाणारा किंवा गावी जाणारा विद्यार्थी पंधरा दिवस पास थांबवायला सांगतो आणि त्याची शेवटची तारीख तेवढी पुढे जाते. हे दिवस 31 मार्चच्या आधी संपले असतील, तर नवी शेवटची तारीख लिहिली की हिशोब आपोआप बरोबर येतो. थांबवलेले दिवस एप्रिलमध्ये येत असतील, तर मात्र ते शिल्लक दिवसांतून हाताने वजा करावे लागतात, कारण त्या दिवसांची सेवा द्यायचीच नाही. पास थांबवल्याची नोंद वहीऐवजी फक्त व्हॉट्सअॅपवर राहिली असेल, तर यादी करण्यापूर्वी ती वहीत उतरवून घ्यावी.

मध्येच सोडून गेलेल्या विद्यार्थ्याचा निर्णय अभ्यासिकेच्या नियमावर अवलंबून असतो. शुल्क परत न करण्याचा नियम असेल आणि 31 मार्चपूर्वी त्याने पास लेखी रद्द केला असेल, तर त्याला आता काहीच द्यायचे राहत नाही, म्हणून उरलेली रक्कम याच वर्षाचे उत्पन्न धरता येते. तो केवळ यायचा थांबला असेल, तर पास संपेपर्यंत त्याचा हक्क कायम आहे, म्हणून त्याची ओळ यादीत ठेवावी.

आपल्या उदाहरणात वार्षिक पासांचे एकूण 1,120 दिवस, सहामाही पासांचे 1,060 दिवस आणि मासिक पासांचे 290 दिवस शिल्लक आहेत असे समजू. आपापल्या दराने त्यांचे 44,800, 47,700 आणि 14,500 रुपये होतात. एकूण आगाऊ शुल्क 1,07,000 रुपये आले.

अनामत रक्कम या यादीत येत नाही

प्रवेशाच्या वेळी घेतलेली 500 रुपयांची परत करायची अनामत पुष्कळदा शुल्काबरोबरच एका पावतीवर घेतली जाते आणि तशीच शुल्क खात्यात जमा होते. आगाऊ शुल्क दिवस जातील तसे उत्पन्न होत जाते. अनामत कितीही दिवस गेले तरी उत्पन्न होत नाही, कारण ती विद्यार्थ्याला परत द्यायची असते. म्हणून समायोजनाच्या नोंदी करण्यापूर्वी शुल्क खाते उघडून वर्षभराच्या पावत्या पाहाव्यात आणि अनामतीची रक्कम वेगळ्या अनामत खात्यात वळवावी. पावतीची रक्कम 2,000, 8,600 किंवा 15,100 अशी दिसली की तीत अनामत मिसळलेली आहे, हे लगेच ओळखता येते. आपल्या उदाहरणात ही दुरुस्ती झालेली आहे असे धरू.

जीएसटीची नोंदणी असलेल्या व्यावसायिकाने पासाच्या रकमेतून कराचा भागही आधी वेगळा करावा आणि दिवसाचा दर कर वगळून काढावा. सेवेसाठी आगाऊ रक्कम घेतल्यावर त्यावरचा कर रक्कम मिळाल्याच्या काळातच देय होतो, त्यामुळे कर पुढील वर्षात ढकलता येत नाही. पुढे ढकलायचे असते ते फक्त उत्पन्न.

दुसरा टप्पा: व्याज आणि भाडे यांचे येणे

अभ्यासिकेच्या नावाने 1 डिसेंबर 2024 रोजी 3,00,000 रुपयांची मुदत ठेव केली आहे. दर वार्षिक 7.3 टक्के आहे आणि व्याज दर तीन महिन्यांनी बचत खात्यात जमा होते. बँक दिवसांवर व्याज मोजते असे धरले, तर दिवसाला बरोबर 60 रुपये व्याज होते. बँकेची मोजण्याची पद्धत ठेवीच्या पावतीवरून खात्री करून घ्यावी, कारण तिमाहीच्या हिशोबाने रक्कम थोडी वेगळी येते. 1 डिसेंबर ते 28 फेब्रुवारी या 90 दिवसांचे 5,400 रुपये व्याज 1 मार्चला मिळाले. मार्चच्या 31 दिवसांचे 1,860 रुपये मात्र 1 जूनला मिळणाऱ्या हप्त्यात येतील, तरी ते याच वर्षात कमावलेले आहेत. हे येणे व्याज होय.

येथे सर्वांत जास्त चुकते ते कापलेल्या कराच्या बाबतीत. मालकाच्या त्याच बँकेतील इतर ठेवी धरून वर्षाचे व्याज मर्यादेपलीकडे गेल्यामुळे बँकेने 10 टक्के कर कापला आणि पासबुकात 4,860 रुपयेच दिसले, असे समजा. मग उत्पन्न 4,860 नव्हे, तर 5,400 रुपयेच आहे. कापलेले 540 रुपये मालकाच्या नावावर सरकारकडे जमा झाले आहेत. आयकर हा मालकाचा वैयक्तिक खर्च असल्यामुळे ते त्याच्या उचल खात्यात नावे टाकावेत. अनेक बँका 31 मार्चला खात्यात न दिलेल्या व्याजावरही कर कापतात आणि ते व्याज आयकर विभागाच्या `26AS` या विवरणात दिसते. म्हणून येणे व्याज ठरवल्यानंतर वहीतील वर्षाचे एकूण व्याज त्याच्याशी ताडून पाहावे. आपल्या ठेवीचे हे एकूण व्याज 7,260 रुपये होते. फरक निघाला तर बहुतेक वेळा तो दिवस मोजण्यातला किंवा निव्वळ रक्कम नोंदवल्याचा असतो.

अभ्यासिकेच्या वरची खोली 15 जानेवारी 2025 पासून एका टंकलेखन वर्गाला दिली आहे. कराराप्रमाणे तीन महिन्यांचे 27,000 रुपये भाडे मुदतीच्या शेवटी, म्हणजे 14 एप्रिलला मिळायचे आहे. मार्चअखेर एक रुपयाही आलेला नाही, त्यामुळे तेरजेत भाडे खातेच नाही. ज्याची तेरजेत ओळ नाही ते सहज विसरले जाते, म्हणून येणे उत्पन्न शोधताना तेरजेपेक्षा करारांची आणि ठेवपावत्यांची फाईल आधी उघडावी.

महिन्यांनी मोजले तर अडीच महिन्यांचे 22,500 रुपये होतात. दिवसांनी मोजले तर 15 जानेवारी ते 14 एप्रिल हे 90 दिवस आहेत, दिवसाचे 300 रुपये पडतात आणि 31 मार्चपर्यंतच्या 76 दिवसांचे 22,800 रुपये येतात. फेब्रुवारी लहान असल्यामुळे आणि अर्धा महिना म्हणजे नेमके किती दिवस हे जानेवारी आणि एप्रिल यांच्यात बदलत असल्यामुळे हा 300 रुपयांचा फरक पडतो. दोन्ही पद्धती चालतात. पासांसाठी आपण दिवस मोजतो, म्हणून भाड्यासाठीही दिवसच मोजावेत आणि पुढील वर्षी पद्धत बदलू नये, असे माझे मत आहे.

भाडेकरूने जागेच्या दुरुस्तीवरून वाद काढून भाडे देण्यास नकार दिला असेल, तर येणे भाडे नोंदवण्यापूर्वी थांबावे. महसुलाच्या मान्यतेविषयीचे लेखा मानक 9 सांगते, की रक्कम वसूल होण्याबद्दल मुळातच अनिश्चितता असेल तर उत्पन्नाची नोंद पुढे ढकलावी. याच मानकात व्याज काळाच्या प्रमाणात आणि शिक्षणशुल्क शिकवण्याच्या काळात विभागून नोंदवण्याची पद्धत दिली आहे. आपण पासांचे शुल्क दिवसांत वाटले ते त्याच तत्त्वाने.

ज्यांचा पास 25 मार्चला संपला आणि जे नवा पास न काढता 31 मार्चपर्यंत बसत राहिले, त्यांच्या सहा दिवसांचे शुल्कही येणे आहे. फक्त ते येणे उत्पन्नात न टाकता विद्यार्थ्यांकडून येणे बाकी म्हणून वेगळे दाखवणे अधिक बरोबर ठरते, कारण ते मागण्याची वेळ आधीच होऊन गेलेली आहे, तर टंकलेखन वर्गाचे भाडे मागण्याची तारीख अजून यायची आहे. आपल्या उदाहरणात असा विद्यार्थी नाही.

तिसरा टप्पा: 31 मार्चच्या नोंदी

शुल्क खाते … नावे 1,07,000
आगाऊ मिळालेले शुल्क खात्याला … जमा 1,07,000
(31 मार्चला शिल्लक असलेल्या पासांचे शुल्क यादीप्रमाणे पुढील वर्षात नेले.)

येणे व्याज खाते … नावे 1,860
ठेवीवरील व्याज खात्याला … जमा 1,860
(मार्चच्या 31 दिवसांचे व्याज.)

येणे भाडे खाते … नावे 22,800
भाडे खात्याला … जमा 22,800
(15 जानेवारी ते 31 मार्च, 76 दिवसांचे भाडे.)

टॅलीत या तिन्ही नोंदी F7 च्या जर्नल व्हाउचरने होतात. आगाऊ मिळालेल्या शुल्काचे खाते `Current Liabilities` या गटात आणि येण्याची दोन्ही खाती `Current Assets` या गटात उघडावीत. आगाऊ शुल्काचे खाते चुकून उत्पन्नाच्या गटात उघडले, तर नोंद करूनही नफा तेवढाच राहतो. नोंदीनंतर नफा 1,07,000 रुपयांनी घटला नाही, तर आधी गट तपासावा. स्पष्टीकरणात यादीचा उल्लेख करून ती यादी व्हाउचरला जोडावी, कारण लेखापरीक्षक पहिल्यांदा तीच मागतो.

आता परिणाम पाहू. वर्षात पासांचे 7,36,000 रुपये मिळाले. मागील वर्षअखेर आगाऊ असलेले 82,000 रुपये 1 एप्रिल 2024 रोजी शुल्क खात्यात आणले होते, म्हणून खात्यात 8,18,000 रुपये जमा दिसत होते. त्यांतून 1,07,000 वजा होऊन या वर्षाचे शुल्क 7,11,000 रुपये ठरले. व्याज 5,400 वरून 7,260 रुपये झाले आणि भाडे शून्यावरून 22,800 रुपये झाले. समायोजनापूर्वीचे 8,23,400 रुपयांचे उत्पन्न 7,41,060 रुपयांवर आले, म्हणजे नफा 82,340 रुपयांनी कमी झाला. ताळेबंदात दायित्वांच्या बाजूला 1,07,000 रुपयांचे आगाऊ शुल्क आले आणि मालमत्तेच्या बाजूला येण्याचे 24,660 रुपये आले.

मागील वर्षाचे 82,000 रुपये आणायचे राहिले, तर शुल्क 6,29,000 रुपयेच दिसते. नवीन आगाऊ रक्कम वजा करणे बहुतेकांच्या लक्षात राहते, जुनी मिळवणे राहून जाते. म्हणून वजाबाकीपूर्वी गेल्या वर्षाचा ताळेबंद समोर ठेवावा आणि तिथला आगाऊ शुल्काचा आकडा या वर्षी कुठे गेला, हे दाखवता येते का ते पाहावे.

चौथा टप्पा: 1 एप्रिलच्या उलट नोंदी

नवीन वर्षाच्या पहिल्या दिवशी तिन्ही नोंदी उलट कराव्यात. आगाऊ मिळालेले शुल्क खाते 1,07,000 रुपयांनी नावे टाकून शुल्क खात्याला जमा द्यावे. व्याज खाते 1,860 रुपयांनी आणि भाडे खाते 22,800 रुपयांनी नावे टाकून येण्याची दोन्ही खाती बंद करावीत. भाडे खात्यात 14 एप्रिलपर्यंत आणि व्याज खात्यात 1 जूनपर्यंत नावे बाकी दिसेल. उत्पन्नाच्या खात्यात नावे बाकी पाहून कोणी ती दुरुस्त करू नये.

14 एप्रिलला टंकलेखन वर्गाचे 27,000 रुपये आले की ते नेहमीसारखे भाडे खात्यातच जमा करायचे. 22,800 रुपयांची नावे बाकी वजा जाऊन नवीन वर्षाचे 4,200 रुपये उरतात, म्हणजे बरोबर 14 दिवसांचे भाडे. 1 जूनला 92 दिवसांचे 5,520 रुपये व्याज होईल. त्यांतून 1,860 रुपये गेले की 3,660 रुपये, म्हणजे एप्रिल आणि मे यांच्या 61 दिवसांचे व्याज उरेल. कोणती रक्कम कोणत्या वर्षाची हे जमा करणाऱ्याला त्या वेळी आठवावे लागत नाही, हाच उलट नोंदीचा उपयोग आहे.

उलट नोंद राहिली, तर 27,000 रुपये पुरे नवीन वर्षाचे भाडे ठरतात आणि 22,800 रुपये दोन्ही वर्षांत मोजले जातात. हे ओळखण्याची खूण पुढील मार्चच्या तेरजेत सापडते. येणे भाडे किंवा आगाऊ शुल्क यांचा आकडा गेल्या ताळेबंदातल्यासारखा जसाच्या तसा, रुपयाचाही फरक न पडता उभा असेल, तर उलट नोंद झालेली नाही.

या पद्धतीची एक मर्यादा लक्षात ठेवावी. सगळे आगाऊ शुल्क 1 एप्रिललाच उत्पन्नात आल्यामुळे वर्षाचा हिशोब बरोबर येतो, पण एप्रिल महिना वाजवीपेक्षा फार चांगला दिसतो आणि पुढचे महिने कमी दिसतात. ज्या मालकाला दरमहा नफा पाहून खुर्च्या वाढवायच्या की नाहीत हे ठरवायचे आहे, त्याने पासांच्या बाबतीत उलट नोंद करू नये. पासांचे सगळे शुल्क आधी आगाऊ खात्यातच जमा करावे आणि प्रत्येक महिनाअखेर वरचीच यादी त्या महिन्याच्या शेवटच्या तारखेने काढून, वापरल्या गेलेल्या दिवसांचे शुल्क उत्पन्नात न्यावे. सूत्रातली तारीख बदलली की यादी तयार होते, आणि मार्चची यादी त्या बारांपैकी एक असते.